निळ्या पट्टीतलं अक्षर की मागचं लंबगोल स्टिकर? युरोपात गाडीचा देश कसा ओळखायचा

जर्मनीत किंवा आसपास नव्याने राहायला आलेल्या माणसाला गाडीचा देश ओळखण्याची गरज वाटते त्यापेक्षा लवकर पडते. ऑस्ट्रियाचा टोल ऑनलाइन भरताना फॉर्म विचारतो, गाडी कुठल्या देशात नोंदलेली आहे? पार्किंगमध्ये कुणी बंपर घासून गेलं तर अपघाताच्या कागदावर समोरच्या गाडीचा देश लिहावा लागतो. आणि भाड्याची गाडी घेऊन तीन देश फिरायचे असतील तर तिच्यावर मागे काही चिकटवायला हवं का, हाही प्रश्न येतोच. उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं, पण दोन ठिकाणी, आणि त्या दोन ठिकाणांचं वजन सारखं नाही.

आधी प्लेटचं डावं टोक

गाडीच्या मागे काहीही चिकटवलेलं असो, सुरुवात नंबर प्लेटच्या डाव्या टोकापासून करायची. तिथे चार-पाच सेंटीमीटर रुंदीची उभी निळी पट्टी दिसली तर तिचे दोन भाग वेगवेगळे वाचायचे. वर काय आहे ते पाहायचं, मग खाली कोणती अक्षरं आहेत ते.

वर पिवळ्या ताऱ्यांचं वर्तुळ असेल तर ती युरोपियन युनियनची पट्टी. तारे बाराच असतात; सदस्य देशांच्या संख्येशी त्यांचा संबंध नाही. खाली देशाची अक्षरं. 3 नोव्हेंबर 1998 च्या युरोपियन नियमाने या पट्टीचं रूप ठरवून दिलं: उंची किमान 98 मिलिमीटर, रुंदी 40 ते 50 मिलिमीटर, अक्षरं किमान 20 मिलिमीटर उंच. म्हणजे अक्षर जेमतेम दोन सेंटीमीटरचं. हायवेवर मागून येताना ते वाचता येत नाही म्हणून चश्म्याचा नंबर तपासायला धावू नका, कुणालाच ते धड दिसत नाही.

ही अक्षरं देशाच्या इंग्रजी नावावरून घेतलेली नाहीत, आणि आपण इथेच फसतो. D म्हणजे जर्मनी, E म्हणजे स्पेन, A म्हणजे ऑस्ट्रिया, H म्हणजे हंगेरी, S म्हणजे स्वीडन, HR म्हणजे क्रोएशिया. बहुतेक देशांनी आपल्या भाषेतलं किंवा लॅटिनमधलं नाव वापरलं आहे. इंटरनेट पत्त्याच्या शेवटी येणारी दोन अक्षरं इथे लावायला जाऊ नका. एस्टोनिया इथे EST आहे, स्लोव्हेनिया SLO, आयर्लंड IRL. एका अक्षराचे मान बहुतेक जुन्या देशांनी पटकावले आहेत. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला दोन-तीन अक्षरं आली.

CH दिसलं की आपल्याकडची मंडळी हमखास चीन म्हणतात. ते स्वित्झर्लंड, चीनसाठी CHN आहे. M माल्टाचं, पण ते निळ्या पट्टीत असेल तरच, आणि या ‘तरच’कडे आपण लगेच येणार आहोत.

तारे नसतील तर

निळी पट्टी दिसली की गाडी युरोपियन युनियनची, हा निष्कर्ष घाईचा आहे. ती मांडणी युनियनबाहेरच्या अनेक देशांनी उचलली. सर्बियाच्या प्लेटवर निळी पट्टी आणि SRB असतं, तुर्कस्तानच्या प्लेटवर निळी पट्टी आणि TR. दोन्हींवर तारे नाहीत. नॉर्वेच्या पट्टीत ताऱ्यांच्या जागी त्यांचा झेंडा आणि खाली N. ब्रिटनच्या नव्या प्लेटवर निळ्या पट्टीत युनियन जॅक आणि UK.

देश ओळखायला ताऱ्यांची गरज नाही, अक्षरं पुरतात. तारे एवढंच सांगतात की ती गाडी युनियनमधल्या देशाची आहे. सीमा ओलांडताना त्याचा उपयोग होतो, आणि ते पुढे येईलच.

पट्टी संपली की देश संपला

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ याच पायरीवर होतो. निळ्या पट्टीच्या उजवीकडे जे मोठं काळं अक्षर सुरू होतं ते देशाचं नाही. जर्मनीत ते शहराचं किंवा जिल्ह्याचं असतं. B बर्लिनचं, M म्युनिकचं, F फ्रँकफर्टचं, H हॅनोव्हरचं. ही सगळी अक्षरं पट्टीत असती तर अनुक्रमे बेल्जियम, माल्टा, फ्रान्स आणि हंगेरी झाली असती. MH 12 पाहून पुणं ओळखणाऱ्या आपल्या डोळ्याला मोठं अक्षर आधी दिसतं आणि बारीक अक्षर निसटतं. इथे सवय उलटी करायची: बारीक आधी, मोठं नंतर.

साल्झबुर्गजवळच्या एखाद्या हायवेवरच्या पेट्रोल पंपावर तीन गाड्या शेजारी उभ्या आहेत असं धरू. तिघींच्याही प्लेटवर S आहे.

पहिलीच्या पट्टीत तारे आणि D. पुढे मोठा S, मग एकाखाली एक दोन गोल शिक्के, मग दोन अक्षरं आणि आकडे. ही जर्मन गाडी, S म्हणजे श्टुटगार्ट. वरचा रंगीत शिक्का तांत्रिक तपासणीचा, खालचा नोंदणी कार्यालयाचा. (ती श्टुटगार्टच्याच माणसाची असेल असं मात्र नाही. 2015 पासून जर्मनीत गाव बदललं तरी जुना नंबर ठेवता येतो.)

दुसरीच्या पट्टीत तारे आणि A. पुढे मोठा S, मग एक छोटी रंगीत ढाल, मग आकडे आणि अक्षरं. प्लेटच्या वर-खाली लाल रेषा. ही ऑस्ट्रियन गाडी, S म्हणजे साल्झबुर्ग शहर, आणि ढाल त्या राज्याची.

तिसरीच्या पट्टीत तारे आणि S. पुढे तीन अक्षरं, मग आकडे. शिक्के नाहीत, ढाल नाही. ही स्वीडनची.

तिन्ही गाड्यांवर S तोच, पण देश तीन निघाले, आणि ते फक्त पट्टी पाहून कळले.

उजव्या टोकाची निळी पट्टी ही आणखी एक भानगड. इटली आणि फ्रान्सच्या प्लेटला दोन्ही टोकांना निळं असतं. डावीकडे देश, उजवीकडे देशातला भाग. फ्रान्समध्ये उजवीकडे प्रदेशाचं चिन्ह आणि विभागाचा आकडा असतो, तो निदान अक्षरांशी गल्लत करत नाही. इटलीत मात्र तिथे प्रांताची दोन अक्षरं येतात, आणि त्यांतली कित्येक दुसऱ्या देशांच्या अक्षरांशी जुळतात. CZ म्हणजे कातान्झारो, LT म्हणजे लातिना, CH म्हणजे क्येती, BG म्हणजे बेर्गामो. त्यामुळे BG तीन ठिकाणी तीन अर्थांनी भेटतं: डाव्या पट्टीत बल्गेरिया, इटालियन प्लेटच्या उजव्या पट्टीत बेर्गामो, आणि SRB पट्टीच्या पुढे मोठ्या अक्षरांत बेलग्रेड. देशासाठी उजवं टोक कधीच वाचायचं नाही.

पट्टीच नसेल तर

आता लंबगोल स्टिकरकडे. ते या निळ्या पट्टीपेक्षा कितीतरी जुनं. 1909 साली पॅरिसला मोटारींच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाचा करार झाला आणि ठरलं, की परदेशात जाणाऱ्या गाडीने मागे पांढऱ्या लंबगोलात काळ्या लॅटिन अक्षरांत आपला देश लिहायचा. तेव्हाचा लंबगोल चांगला 30 सेंटीमीटर रुंद होता. 1968 च्या व्हिएन्ना करारात तो आटोपशीर झाला: किमान साडेसतरा सेंटीमीटर रुंद, साडेअकरा सेंटीमीटर उंच, आणि आतलं अक्षर किमान आठ सेंटीमीटरचं. पट्टीतलं दोन सेंटीमीटरचं अक्षर याच्यापुढे ठेवून पाहा. लांबून वाचायची सोय म्हणून जुनी पद्धतच सरस होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ती चिकटवायला विसरता येत होती, आणि पट्टी विसरता येत नाही.

पट्टी नसलेली गाडी दिसली तर लंबगोल शोधायचा. असं साधारण चार प्रकारच्या गाड्यांच्या बाबतीत होतं.

पहिल्या म्हणजे स्विस गाड्या, आणि त्याच सर्वांत जास्त भेटतात. स्विस प्लेटवर निळी पट्टी नाही. मागच्या प्लेटवर डावीकडे लाल स्विस ढाल, उजवीकडे कँटनची, म्हणजे तिथल्या राज्याची ढाल, मधे ZH किंवा BE अशी कँटनची अक्षरं आणि आकडा. देशाबाहेर जाताना CH चा लंबगोल लावावाच लागतो, म्हणून तो जर्मनीत आलेल्या स्विस गाडीच्या मागे ठळक दिसतो. शेजारचं चिमुकलं लिख्टेनश्टाइनही तसंच: काळी प्लेट, पांढरी अक्षरं, आणि FL चा लंबगोल.

दुसऱ्या म्हणजे युनियनमधल्याच, पण पट्टी येण्याआधीच्या प्लेटवाल्या गाड्या. जर्मनीत पट्टी 1990 च्या दशकाच्या मध्यात आली. त्याआधीची पांढरी प्लेट ज्या गाडीवर तशीच राहिली, ती आजही चालते. क्रोएशिया युनियनमध्ये आला 2013 साली, पण प्लेटवर पट्टी आली 2016 मध्ये, म्हणून मधोमध चौकटीची ढाल असलेल्या बिनपट्टीच्या प्लेट अजून रस्त्यावर आहेत. तिसऱ्या म्हणजे जिथे पट्टी ऐच्छिक आहे अशा देशांतल्या. डेन्मार्कमध्ये मालक पट्टीशिवायची प्लेट घेऊ शकतो, मग परदेशात त्याला DK चा लंबगोल लागतो. चौथ्या म्हणजे तात्पुरत्या नंबरच्या. जर्मनीत गाडी बाहेर विकायला नेताना उजव्या टोकाला लाल पट्टा असलेली प्लेट मिळते, आणि काही दिवसांच्या नंबरला उजवीकडे पिवळा पट्टा असतो. दोन्हींवर निळी पट्टी नसते. लाल आणि पिवळ्या पट्ट्यावर तारीख असते, देश नव्हे.

लंबगोलावर किती विश्वास ठेवायचा

पट्टी प्लेटसोबत येते. लंबगोल मात्र कुणीही पेट्रोल पंपावरून किंवा ऑनलाइन विकत घेऊन लावू शकतो. नियम सांगतो की तो गाडीच्या नोंदणीचा देश दाखवायला हवा, मालकाचा नव्हे. पण चिकटवणारे हात नियम वाचत बसत नाहीत. म्हणून दोन्हींत तफावत दिसली तर प्लेट खरी धरायची.

तफावत कशी दिसते? पंपावरच्या त्या पहिल्या गाडीकडे परत पाहा. पट्टीत D, पुढे S, आणि डिकीच्या झाकणावर CH चा लंबगोल आहे असं समजा. आधीच्या मालकाची गाडी स्विस नोंदणीची असेल, किंवा कुणी हौसेने लावला असेल. दोन्ही शक्यतांत उत्तर एकच: गाडी जर्मन. स्टिकर जुनं आहे का ते जवळून कळतं. कडा पिवळट झालेल्या, काळं अक्षर करडं पडलेलं, कडेने धुळीची रेघ.

काही लंबगोल देशाचे नसतातच. सुट्टीच्या बेटांची, गावांची, क्लबांची नावं त्याच आकारात छापून विकतात. CAT पाहिलंत तर तो कॅटलोनियाचा अभिमान आहे, देशाचं अधिकृत चिन्ह नाही. तिथली गाडी E चीच. ब्रिटनमध्ये प्लेटवर SCO किंवा CYM अशी अक्षरं घ्यायला परवानगी आहे, पण परदेशात ती देशाचं चिन्ह म्हणून धरत नाहीत. लंबगोलात CD दिसलं तर ती गाडी परदेशी वकिलातीची.

आणि काही लंबगोल अशा देशांचे असतात जे उरलेच नाहीत. CS म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, YU म्हणजे युगोस्लाव्हिया, DDR म्हणजे पूर्व जर्मनी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात हे हौसेने मिरवतात. फिनलंडचं जुनं SF ही तसंच. ते 1993 मध्ये FIN झालं.

ब्रिटनचं प्रकरण जरा वेगळं, कारण ते ताजं आहे. 28 सप्टेंबर 2021 पासून त्यांचं चिन्ह GB वरून UK झालं. त्यामुळे ताऱ्यांसह GB असलेली जुनी प्लेट ब्रिटनमधली गाडी ओळखायला आजही पुरते, पण त्या गाडीला परदेशात UK चा वेगळा लंबगोल लावावा लागतो. स्पेन, माल्टा आणि सायप्रसमध्ये तर प्लेटवर काहीही असलं तरी UK चं स्टिकर मागतात. लंडनहून स्वतःच्या गाडीने स्पेनला निघालेल्या मराठी कुटुंबाने हे निघण्याआधीच बघावं.

आपल्या गाडीला लंबगोल लागतो का

ताऱ्यांची पट्टी असलेली गाडी युनियनच्या आत कुठेही न्या, वेगळा लंबगोल लागत नाही. 1998 चा नियम त्यासाठीच होता. युनियनबाहेर तो नियम चालत नाही. तिथे व्हिएन्ना करार लागू होतो, आणि मार्च 2006 मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने त्यातही प्लेटवरचं चिन्ह मान्य झालं. म्हणून जर्मन पट्टीची गाडी स्वित्झर्लंडला नेताना D चा लंबगोल शोधत बसायचं कारण नाही. पण बाल्कनकडे किंवा तुर्कस्तानकडे निघाला असाल तर एक लंबगोल मागे लावून घ्या. दोन-चार युरोंत चेकनाक्यावरचा वाद टळतो. चुंबकाचा घेणार असाल तर आधी तो डिकीवर टेकवून पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांचं मागचं झाकण ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं असतं आणि तिथून तो सरळ खाली घसरतो.

गाडीला ट्रेलर जोडला असेल तर चिन्ह ट्रेलरच्या मागे दिसायला हवं, कारण गाडीची पाठ झाकली जाते.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे लिहायचं

टोलपासून सुरुवात करू. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हायवेसाठी डिजिटल विन्येट, म्हणजे टोलचं परवानापत्र घेता येतं, आणि ते काचेला नाही तर नंबरला जोडलेलं असतं. फॉर्ममध्ये देश आणि नंबर यांचे रकाने वेगळे. देशाच्या यादीतून जर्मनी निवडायचं आणि नंबरच्या रकान्यात पट्टीतलं D अजिबात टाकायचं नाही. श्टुटगार्टची गाडी S XY 123 असेल तर असं:

```
Country: D
Number:  S XY 123
```

DSXY123 असं लिहिलंत तर तो तुमच्या गाडीचा नंबर राहत नाही, आणि पैसे भरूनही कॅमेऱ्याच्या लेखी तुम्ही फुकटे. अंतर किंवा आडवी रेघ द्यायची की नाही, ते त्या फॉर्मवरच्या नमुन्यात पाहून करा. शून्य की ओ असा संशय आला तर जर्मन प्लेटवर सोपं आहे: आधी अक्षरं, नंतर आकडे, त्यामुळे आकड्यांच्या भागात जे गोल आहे ते शून्यच. भाड्याच्या गाडीत हे सगळं चावी मिळाल्यावर, प्लेटसमोर उभं राहून करावं. बुकिंगच्या कागदावर बहुतेक वेळा नंबर नसतोच, आणि बर्लिनला घेतलेल्या गाडीवर म्युनिकचा M निघाला तर त्यात नवल नाही.

दुसरं, अपघाताचा कागद. युरोपात सर्वत्र एकाच मांडणीचा फॉर्म वापरतात; डावीकडे निळा रकाना गाडी A चा, उजवीकडे पिवळा गाडी B चा. दोन्हीकडे नोंदणी क्रमांक आणि नोंदणीचा देश असे स्वतंत्र रकाने आहेत, आणि ट्रेलरसाठी पुन्हा वेगळे. ट्रकशी गाठ पडली तर याकडे विशेष लक्ष द्या. पुढचा ट्रक PL पट्टीचा आणि मागचा ट्रेलर LT पट्टीचा असणं रोजचं आहे. मागून फक्त ट्रेलरची प्लेट दिसते, म्हणून पुढे चालत जाऊन ट्रकचीही प्लेट वाचायची आणि दोन्ही लिहायच्या. फोटो काढताना संपूर्ण प्लेट चौकटीत घ्या, डाव्या टोकासकट. लोक मोठे आकडे नीट टिपतात आणि पट्टी अर्धी कापतात. मग विमा कंपनी विचारते, S XY 123 कुठल्या देशाचा?

आणि समोरच्याने विम्याचं ग्रीन कार्ड दाखवलं तर त्यावरही हीच अक्षरं चौकोनांत छापलेली दिसतील. ज्या देशात तो विमा चालत नाही त्या देशाच्या चौकोनावर काट मारलेली असते. तुम्ही ज्या देशात उभे आहात त्याचं अक्षर शोधा आणि ते काटलेलं नाही ना, एवढं पाहा.

भारतातून आलेल्यांचा एक प्रश्न हमखास असतो: आपल्या नव्या हाय सिक्युरिटी प्लेटवर डावीकडे अशोकचक्राच्या होलोग्रामखाली निळ्या अक्षरांत IND असतं, तीही अशीच पट्टी का? जागा तीच आणि अक्षरंही आपल्या देशाचं आंतरराष्ट्रीय चिन्ह असलेलीच, पण ती रुंद निळी पट्टी नाही, आणि अक्षरं लंबगोलाच्या मापाच्या जवळपासही जात नाहीत. पुण्याहून रस्त्याने युरोपपर्यंत गाडी नेणारे हौशी प्रवासी म्हणूनच मागे IND चा मोठा पांढरा लंबगोल वेगळा लावतात.